शुल्क किती टक्के, हे विचारण्याआधी: कापडाच्या जकातीपासून सोयातेलापर्यंत

सप्टेंबर २०२४ मधली गोष्ट. केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं. मी संध्याकाळी घाईघाईत बातमी टाकली, "आयात तेल २० टक्क्यांनी महागणार, सोयाबीनला अच्छे दिन." आठवड्याभराने बाजार समितीच्या गेटसमोर चहा पिताना आमच्या ओळखीचे बापू भेटले. बारा एकर सोयाबीन. म्हणाले, "काय हो पेपरवाले, तेल वीस टक्के वाढलं म्हणता, मग माझं सोयाबीन का वाढंना? तुमची बातमी खोटी का सरकार खोटं?"

दोन्ही खोटं नव्हतं. पण माझी बातमी अर्धवट होती. शुल्काचा दर म्हणजे सगळं शुल्क नाही, हे मला तेव्हा नीट माहीत नव्हतं. त्यानंतर हा विषय जमेल तसा वाचत गेलो आणि वाचता वाचता थेट दीडशे वर्षं मागे, मुंबईच्या कापड गिरण्यांपर्यंत पोचलो. कारण बापूंचा प्रश्न नवा नाही. तो तेव्हाही विचारला गेला होता. फक्त तेव्हा तेलाऐवजी कापड होतं.

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा. शेवटी बापूंचा हिशेब रुपयात मांडला आहे.

टक्के कशावर?

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या. त्या वेळी इंग्लंडहून येणाऱ्या कापडावर ५ टक्के आणि सुतावर साडेतीन टक्के जकात होती. हेतू स्वदेशी गिरण्यांना संरक्षण देण्याचा अजिबात नव्हता. सरकारला पैसा हवा होता, म्हणून जकात होती.

१८७४ साली मँचेस्टरच्या व्यापारी मंडळाने सरकारकडे तक्रार केली. ती तक्रार मोठी मजेशीर आहे. त्यांचं एक म्हणणं असं, की जकात कागदावर ५ टक्के आहे, पण आम्हाला प्रत्यक्षात त्याहून जास्त पडते.

हे कसं? तर तेव्हा प्रत्येक गाठीची खरी किंमत तपासत बसण्यापेक्षा सरकार मालाचा एक भाव ठरवून द्यायचं. त्याला टॅरिफ व्हॅल्यू म्हणतात, आपण सोयीसाठी 'सरकारी भाव' म्हणू. जकातीचे टक्के या सरकारी भावावर लागायचे, व्यापाऱ्याच्या बिलावर नाही. हे भाव काही वर्षांपूर्वी, कापड महाग असताना ठरले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाचे भाव भडकवले होते, त्याचा परिणाम बराच काळ राहिला. पुढे बाजार उतरला, पण सरकारी भाव जागेवरच राहिला.

साधा हिशेब करून बघा. सरकारी भाव १०० रुपये, जकात ५ टक्के, म्हणजे ५ रुपये. पण बाजारात तोच माल आता ८० रुपयांना मिळतो. तर ८० रुपयांच्या मालावर ५ रुपये, म्हणजे सव्वासहा टक्के झाले. दर बदलला नाही, कायदा बदलला नाही, तरी जकात वाढली. (आकडे समजण्यापुरते आहेत, तत्त्व तेच.)

समिती बसली आणि सरकारी भाव खाली आणले गेले. जकात पूर्ण काढा ही मँचेस्टरची मुख्य मागणी तेव्हा मान्य झाली नाही. पण या प्रकरणातून पहिला धडा मिळतो. शुल्काचा दर ऐकला की लगेच विचारायचं, "कशावर?" ज्या किमतीवर टक्के लागतात, त्या किमतीला कायद्याच्या भाषेत आकारणीयोग्य मूल्य म्हणतात. तो आकडा वर-खाली केला की दराला हात न लावता शुल्क वाढवता येतं, तसंच गुपचूप कमीही करता येतं.

तोच टक्का घरच्या मालावर लावला तर?

मँचेस्टरचा दबाव चालूच राहिला. १८७९ साली व्हाइसरॉय लिटनने आपल्या कौन्सिलमधल्या बहुमताचा विरोध डावलून जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात काढली. १८८२ साली तर मीठ, दारू असे मोजके अपवाद सोडून जवळजवळ सगळी आयात जकातच गेली.

मग १८९४ आलं. रुपयाची किंमत घसरत होती, इंग्लंडला द्यायचे पैसे पौंडात होते, तिजोरीत खड्डा पडला. मार्चमध्ये बहुतेक आयातीवर ५ टक्के जकात पुन्हा बसली, पण कापड वगळून! ओरड झाली. डिसेंबरमध्ये विलायती कापड आणि सुतावरही ५ टक्के लागले. पण त्याबरोबर एक अट आली. इथल्या गिरण्यांत निघणाऱ्या २० नंबरच्या वरच्या सुतावरही ५ टक्के अबकारी कर बसला. (सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक.)

आता आयात जकात आणि अबकारी यांतला फरक बघा, कारण आजही सगळा गोंधळ इथेच होतो. आयात जकात फक्त बाहेरून आलेल्या मालावर बसते, बंदरावर. घरच्या मालावर ती नसते. म्हणून बाहेरचा माल तेवढा महाग होतो आणि घरच्या मालाला तेवढी सावली मिळते. अबकारी म्हणजे देशात तयार झालेल्या मालावरचा कर, कारखान्याच्या दारात. दोन्ही सारख्याच दराने लावले की सरकारच्या तिजोरीत दोन्हीकडून पैसा येतो, पण सावली नाहीशी होते. विलायती ठाण १०५ ला आणि देशीही १०५ ला. स्पर्धा होती तिथेच.

लँकेशायरला एवढंही पुरलं नाही. फेब्रुवारी १८९६ मध्ये कायदा बदलला. सुतावरचे दोन्ही कर गेले. विलायती कापडावरची जकात ५ वरून साडेतीन टक्के झाली. आणि देशी गिरण्यांच्या सगळ्या कापडावर, जाड असो की बारीक, साडेतीन टक्के अबकारी बसली. हातमाग त्यातून सुटला.

वरवर बघितलं तर किती न्याय्य! इकडे साडेतीन, तिकडेही साडेतीन. पण शंभर रुपयांच्या कापडावर काय झालं ते मांडा. बारीक विलायती कापड घेणाऱ्या सुखवस्तू माणसाचा कर ५ रुपयांवरून साडेतीनवर आला. आणि मुंबईच्या गिरणीचं, जाड सुताचं कापड घेणाऱ्या शेतकऱ्या-मजुरावर आदल्या वर्षी काहीच कर नव्हता, त्याच्यावर साडेतीन रुपये आले. त्यात आपल्या गिरण्या तेव्हा प्रामुख्याने जाडंभरडं काढायच्या आणि लँकेशायर बारीक. म्हणजे बऱ्याचशा मालात दोघांची स्पर्धाच नव्हती. जिथे स्पर्धा नाही तिथे 'समतोल' राखण्यासाठी गरिबाच्या धोतरावर कर बसला. टिळकांनी त्याविरुद्ध विलायती कापडावर बहिष्काराची मोहीम चालवली, ती उगाच नाही. वंगभंगाच्या आधी नऊ वर्षं महाराष्ट्रात हा विषय पेटला होता, तो एका टक्केवारीवरून.

पुढे १९१७ साली आयात जकात साडेसात टक्के झाली आणि अबकारी साडेतीनवरच ठेवली. मग कुठे ४ टक्क्यांची सावली तयार झाली. लक्षात घ्या, संरक्षण साडेसात टक्क्यांचं नव्हतं. साडेसातातून साडेतीन वजा करून जे उरतं, तेवढंच.

या अबकारीचा शेवटही सांगण्यासारखा आहे. १९२५ साली मंदीचं कारण देऊन मुंबईच्या गिरणी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. मालक म्हणत होते, अबकारी काढा, कपात मागे घेतो. डिसेंबरच्या सुरुवातीला सरकारने अबकारी स्थगित केली, कपात मागे गेली, संप मिटला. पुढच्या वर्षी अबकारी कायमची रद्द झाली. तीस वर्षांचा कर शेवटी कामगारांच्या उपाशी पोटावर मिटला.

आज हिशेब कसा होतो

आज १९६२ चा सीमाशुल्क कायदा आहे. त्याच्या कलम १४ मध्ये 'कशावर' या प्रश्नाचं उत्तर आहे. साधारण नियम असा, की आयात करणाऱ्याने खरोखर दिलेली किंवा द्यायची किंमत धरायची, त्यात आपल्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा मिळवायचा. भाड्याचा आकडा कळत नसेल तर परदेशात जहाजावर चढवलेल्या मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात, विम्याचा कळत नसेल तर १.१२५ टक्के. परकीय चलनाचे रुपये करताना बँकेचा दर चालत नाही, सीमाशुल्क खात्याने जाहीर केलेला दर लागतो. पूर्वी यात बंदरावर माल उतरवण्याचा म्हणून एक टक्का डोळे झाकून मिळवत, तो २०१७ साली बंद झाला.

बिल कमी दाखवून शुल्क वाचवण्याचा उद्योग सगळ्या जगात चालतो. म्हणून अधिकाऱ्याला शंका आली तर तो पुरावे मागू शकतो, पटले नाहीत तर त्याच सुमारास आलेल्या तशाच मालाच्या किमतीवरून मूल्य ठरवतो.

पण काही मालांना बिलाचा नियम लागतच नाही. कायद्यात अजूनही सरकारी भाव आहे, १८७४ सारखाच. पाम तेल, कच्चं सोयातेल, सोनं, चांदी, सुपारी असे मोजके जिन्नस त्यात आहेत. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ त्यांचा डॉलरमधला भाव साधारण दर पंधरवड्याला जाहीर करतं. तुमचं बिल काहीही असो, शुल्क त्या भावावर.

आणि इथे इतिहास उलटा फिरला. २००६ साली सरकारने पाम तेलाचे सरकारी भाव गोठवले. रिफाइंड पामोलिनचा भाव टनाला ४८४ डॉलर, तो तसाच जुलै २०१२ च्या शेवटापर्यंत राहिला. मग एकदम १०५३ डॉलर केला. गोठवलेल्या काळाच्या शेवटी या तेलावर मूळ शुल्काचा दर साडेसात टक्के होता. ४८४ वर साडेसात टक्के म्हणजे सुमारे ३६ डॉलर. खरा भाव १०५३ च्या जवळ असेल तर हे ३६ डॉलर म्हणजे जेमतेम साडेतीन टक्के! कागदावर साडेसात, बंदरावर साडेतीन. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याला जे जास्त पडत होतं, ते इथे आयातदाराला कमी पडत होतं. महागाई रोखायला हे केलं असेल, ग्राहकाला थोडा दिलासा मिळालाही असेल. पण तेलबियावाल्याला वाटत होतं की आपल्याला साडेसात टक्क्यांची सावली आहे. ती निम्मीसुद्धा नव्हती.

आता बापूंचा हिशेब

सप्टेंबर २०२४ च्या दराने एक टन कच्चं सोयातेल घेऊ. सोपं जावं म्हणून गोल आकडे धरतो. सरकारी भाव १००० डॉलर, डॉलरचा दर ८५ रुपये. आकारणीयोग्य मूल्य झालं ८५,००० रुपये.

त्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्के: १७,००० रुपये.
त्याच ८५,००० वर कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर ५ टक्के: ४,२५० रुपये.
या दोन्ही शुल्कांच्या बेरजेवर (२१,२५० वर, तेलाच्या किमतीवर नाही) समाजकल्याण अधिभार १० टक्के: २,१२५ रुपये.

बेरीज २३,३७५ रुपये. म्हणजे मूल्याच्या साडेसत्तावीस टक्के. मी बातमीत लिहिलेला २० चा आकडा इथेच चुकला होता. आणि आधीचं शुल्क शून्य, हेही चूक होतं. मूळ शुल्क शून्य असलं तरी उपकर आणि अधिभार मिळून साडेपाच टक्के लागतच होते, म्हणजे ४,६७५ रुपये. खरी वाढ २२ टक्के, टनाला १८,७०० रुपये.

यानंतर आणखी एक ओळ येते, आयजीएसटी. तेलावर ५ टक्के. पण तो ८५,००० वर नाही, तर मूल्य अधिक सगळी शुल्कं, म्हणजे १,०८,३७५ वर. झाले सुमारे ५,४१९ रुपये. ही ओळ धरून बंदरावर भरायची रक्कम २८,७९४ रुपये होते आणि मग कुणीतरी भाषणात सांगतं, "आम्ही ३४ टक्के कर लावला."

पण आयजीएसटी ही सावली नाही. आपल्या लातूरच्या नाहीतर अकोल्याच्या मिलमधून निघालेल्या तेलावरही ५ टक्के जीएसटी आहेच. बाहेरच्या मालावर तेवढाच कर लावून दोघांना एका रेषेत आणणं, हे त्या ओळीचं काम. १८९६ च्या अबकारीचंच तर्कशास्त्र, फक्त उलट्या बाजूने: तेव्हा घरच्या मालावर कर लावून त्याला बाहेरच्याच्या बरोबरीला आणलं, इथे बाहेरच्याला घरच्याच्या बरोबरीला आणतात. शिवाय आयात करणाऱ्या तेल कंपनीला बंदरावर भरलेला आयजीएसटी पुढे तेल विकताना लागणाऱ्या जीएसटीतून वळता करता येतो. सीमाशुल्क, उपकर, अधिभार यांचं तसं नाही. ते भरले की गेले, किमतीत मुरले. म्हणून ओळखण्याची खूण सोपी आहे. घरच्या मालावरही तोच कर आहे का, आणि भरलेला कर वळता होतो का? दोन्हीला उत्तर 'हो' असेल तर तो तुमचं संरक्षण करत नाही.

मग सावलीची वाढ टनाला १८,७००, म्हणजे किलोला १८ रुपये ७० पैसे. १५ किलोच्या डब्याला २८० रुपये. ग्राहकाला ते लगेच जाणवतं. पण बापू तेल विकत नाहीत, सोयाबीन विकतात. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ किलो तेल निघतं. उरलेली बहुतेक पेंड असते. १८ किलो गुणिले १८.७०, झाले सुमारे ३३६ रुपये क्विंटलला. तेही वाढीचा पैन् पै शेतकऱ्यापर्यंत पोचला तर! मधला आडत्या, मिलवाला, वाहतूक यांनी काहीच ठेवलं नाही तर. आणि परदेशात तेलाचा भाव तसाच राहिला तर.

त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली चालला होता. ३३६ रुपयांनी ती दरी बुजणार नव्हती. कारण सोयाबीनचा भाव बराचसा पेंडीवर ठरतो आणि पेंडीला गिऱ्हाईक नव्हतं. तेलाच्या शुल्काने पेंडीचं दुखणं बरं होत नाही.

पुढे ३० मे २०२५ ला मूळ शुल्क २० वरून १० टक्के केलं. एकूण साडेसत्तावीसचं साडेसोळा झालं. वरच्याच आकड्यांनी मोजलं तर टनाला ९,३५० रुपये कमी, सोयाबीनच्या क्विंटलला जास्तीत जास्त १६८. पेरणीच्या तोंडावर झालेला हा निर्णय शेतकऱ्याला झोंबला. डबा घेणाऱ्या घराला मात्र तो हवाच होता. दोघंही आपल्याच गावातले. हे भांडण कुठल्या हिशेबाने सुटणारं नाही, ते राजकारणाचं आहे. पण निदान भांडताना आकडा तरी खरा धरावा.

परवा बापूंना हे सगळं कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी ३३६ च्या आकड्याभोवती पेनने गोल केला, कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे तुमचे अच्छे दिन तीनशे छत्तीस रुपयांचे होते. मग तेवढंच लिहायचं ना."

बरोबर आहे. आज लिहिलं.